चौदा वर्षांची मेलबॉक्स हलवताना: फोल्डर, फॉरवर्डिंग आणि दोन प्रवाहांमधला सांधा

माझी एक मैत्रीण स्वतंत्र अनुवादक आहे. तिची चौदा वर्षांची मेल एकाच जुन्या सेवेत होती: ६४ फोल्डर, साधारण ४१,००० मेल, एकूण ११.४ जीबी. सेवेची वार्षिक वर्गणी संपायला तीन महिने उरले होते आणि तिला ती पुन्हा भरायची नव्हती. पत्ता त्या सेवेच्याच डोमेनवर होता, म्हणजे नव्या सेवेत जाताना तो बदलणारच होता. स्वतःचं डोमेन असतं, तर एमएक्स रेकॉर्ड बदलून नवी मेल थेट नव्या सर्व्हरवर वळवता आली असती. इथे ती सोय नव्हती. जुन्या पत्त्यावर येणारी मेल पुढे पाठवत राहायची आणि तेवढ्या काळात सगळ्यांना नवा पत्ता कळवायचा, एवढाच मार्ग होता.

तिच्या दोन अटी होत्या. फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहिली पाहिजे, कारण कोणत्या ग्राहकाशी काय ठरलं होतं हे ती फोल्डर पाहूनच शोधते. आणि स्थलांतराच्या काळात एकही मेल हरवता कामा नये.

मेलबॉक्स हलवणं म्हणजे एकच काम, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती दोन कामं असतात. आधीपासून साठलेली मेल कॉपी करायची असते आणि रोज नव्याने येणारी मेल वळवायची असते. पहिलं काम आयमॅपवरून, म्हणजे सर्व्हरवरची मेल फोल्डरांसकट हाताळण्याच्या पद्धतीने होतं, दुसरं फॉरवर्डिंगने. दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे आणि दोघांनाही एकमेकांची खबर नसते. मेल हरवते किंवा दोनदा दिसते ती बहुधा या दोन कामांच्या सांध्यावर. म्हणून आम्ही सगळी आखणी या सांध्याभोवती केली.

कोणतं साधन आणि का

पॉप ही मेल उतरवून घेण्याची दुसरी पद्धत वापरायची नाही, हे पहिल्यांदाच ठरलं. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो. फोल्डर, पाठवलेली मेल, वाचलं-न वाचलं ही खूण, यातलं काहीच त्याच्या आवाक्यात येत नाही. बऱ्याच नव्या सेवांमध्ये ‘जुनं खातं आयात करा’ असं बटण असतं, पण ते आतून पॉप वापरतं की आयमॅप, हे आधी पाहून घ्यावं.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती उघडून फोल्डर इकडून तिकडे ओढणं हा दुसरा पर्याय होता. दोनचार फोल्डर असतील तर तो चांगलाच आहे. पण ११ जीबी ओढताना मध्येच जोडणी तुटली, तर कुठपर्यंत झालं ते नेमकं सांगता येत नाही, आणि पुन्हा ओढलं की आधी गेलेल्या मेलच्या दुसऱ्या प्रती तयार होतात.

आम्ही imapsync हे कमांडवर चालणारं साधन घेतलं. ते दोन्ही सर्व्हरवरच्या मेलची तुलना करतं आणि जी पलीकडे नाही तेवढीच पाठवतं. त्यामुळे ते कितीही वेळा चालवता येतं. मेल मिळाल्याची मूळ तारीख आणि वाचल्याची, उत्तर दिल्याची, तारांकित केल्याची खूण तेही सोबत नेतं. ही मूळ तारीख महत्त्वाची असते. काही प्रोग्रॅम कॉपी करताना ती टाकून देतात, मग तारखेप्रमाणे लावलं की दहा वर्षांची सगळी मेल आजच आल्यासारखी दिसते.

दोन्ही खात्यांवर दुहेरी पडताळणी चालू होती, म्हणून प्रत्येकात एक वेगळा ॲप पासवर्ड तयार केला. तो कमांडमध्ये न लिहिता छोट्या फाइलमध्ये ठेवला, कारण कमांडमध्ये लिहिलेलं टर्मिनलच्या इतिहासात राहतं.

आधी फक्त फोल्डर

एकही मेल हलवण्याआधी फोल्डरांची कोरडी फेरी घेतली. यात काहीही बदलत नाही, कोणता फोल्डर कुठे जाईल एवढंच छापून येतं.

```
imapsync \
 --host1 imap.old.example --user1 me@old.example --passfile1 old.txt \
 --host2 imap.new.example --user2 me@new.example --passfile2 new.txt \
 --automap --justfolders --dry
```

ही यादी आम्ही दोघींनी ओळ न् ओळ वाचली. इथे दिलेली अर्ध्या तासाची बैठक पुढची बरीच डोकेदुखी वाचवते, म्हणून त्यात काय सापडलं ते सविस्तर सांगते.

जुन्या सर्व्हरवर फोल्डर आणि उपफोल्डर यांच्यामध्ये टिंब होतं आणि सगळे फोल्डर `INBOX.` च्या पोटात होते. नव्यावर टिंबाऐवजी तिरपी रेघ होती आणि `INBOX.` हा उपसर्ग नव्हता. म्हणजे `INBOX.Clients.Legal` चं `Clients/Legal` व्हायला हवं. हे रूपांतर imapsync आपणहून करतं. पण चिन्हांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी होते, हे ध्यानात ठेवावं लागतं. तिने बिलांच्या फोल्डरांना `Bills 2019/20` अशी नावं दिली होती. जुन्या सर्व्हरवर तिरपी रेघ हे साधं अक्षर होतं. नव्यावर तिचा अर्थ ‘इथून उपफोल्डर सुरू’ असा होतो, म्हणून यादीत ते नाव `Bills 2019.20` असं दिसत होतं. मेल कुठेच हरवली नसती, पण तिला टिंब नको होतं. आम्ही जुन्या सर्व्हरवरच त्या फोल्डरांची नावं `Bills 2019-20` अशी केली. नावं आधीच बदलणं कॉपी झाल्यानंतर बदलण्यापेक्षा सोपं पडतं. नंतर बदलली, तर पुढच्या फेरीत साधनाला ते फोल्डर नवेच वाटतात आणि ते पुन्हा सगळं कॉपी करतं.

यादीतली काही नावं पाहून ती घाबरली. `INBOX.&CRUJMAk+CTA-` अशी एक ओळ होती. हा तिचा ‘करार’ नावाचा फोल्डर. आयमॅपच्या जुन्या पण आजही सर्रास चालणाऱ्या आवृत्तीत फोल्डरचं नाव साध्या रोमन अक्षरांतच पाठवावं लागतं, म्हणून देवनागरी नाव `&` आणि `-` यांच्यामध्ये सांकेतिक रूपात बसवलेलं असतं. दोन्ही सर्व्हरना हे रूप कळतं. नव्या खात्यात ‘करार’ असंच दिसणार, हे एका रिकाम्या चाचणी फोल्डरवर करून पाहिलं आणि पुढे गेलो. असं नाव बिघडलेलं समजून कोणी हाताने ‘दुरुस्त’ करायला गेलं, तर मात्र खरोखर बिघडतं.

सगळ्यात जास्त वेळ पाठवलेल्या मेलने घेतला. तिच्याकडे `Sent`, `Sent Items` आणि `Sent Messages` असे तीन फोल्डर निघाले. वेगवेगळ्या वर्षांत वापरलेल्या फोन आणि संगणकांवरच्या प्रोग्रॅमांनी आपापल्या सवयीचं नाव घेऊन ते केले होते. `--automap` हा पर्याय सर्व्हरने ‘हा पाठवलेल्यांचा फोल्डर’ अशी खूण केलेला फोल्डर ओळखतो, पण बाकीचे दोन त्याला साधेच वाटतात. ते एकत्र यावेत म्हणून कमांडमध्ये असं जोडलं:

```
 --f1f2 "INBOX.Sent Items=Sent" \
 --f1f2 "INBOX.Sent Messages=Sent"
```

चौदा वर्षांची तिची उत्तरं आता पहिल्यांदाच एका ठिकाणी येणार होती.

फॉरवर्डिंग आधी, कॉपी नंतर

बरेच लोक आधी सगळी जुनी मेल कॉपी करतात आणि ते झालं की फॉरवर्डिंग लावतात. उलटा क्रम जास्त सुरक्षित आहे. ११ जीबी जायला रात्रभर तरी लागते. त्या वेळात आलेली मेल कॉपीच्या यादीत नसते, कारण साधनाने त्या फोल्डरची यादी आधीच वाचलेली असते, आणि फॉरवर्डिंग अजून लागलेलं नसतं. फॉरवर्डिंग आधी लावलं, तर सांध्यावर भोक पडण्याऐवजी दोन्ही पदर एकमेकांवर चढतात. दोनदा आलेली मेल निस्तरता येते. न आलेली मेल आली नाही हेच कळत नाही.

फॉरवर्डिंग लावताना ‘जुन्या मेलबॉक्समध्ये प्रत ठेवा’ हा पर्याय चालू ठेवला. पुढची सगळी तपासणी त्या प्रतीवर उभी आहे. अडचण एकच होती. तिच्या जुन्या खात्याची मर्यादा १२ जीबी होती, म्हणजे जागा उरली होती ६०० एमबी. ती भरली, तर जुना सर्व्हर नवी मेल स्वीकारणंच बंद करेल आणि जे स्वीकारलंच नाही ते फॉरवर्डही होणार नाही. म्हणून कचरापेटी आणि मोठमोठ्या जोडण्या असलेल्या जाहिराती आधी काढून टाकल्या.

नव्या खात्यातून जुन्याकडे कोणतंही फॉरवर्डिंग नाही ना, हेही पाहिलं. दोन्हीकडून लागलं, तर एकच मेल दोन सर्व्हरांमध्ये फिरत राहते.

मग चाचणी. चाचणीची मेल नव्या किंवा जुन्या पत्त्यावरून पाठवू नये, तिसऱ्याच खात्यावरून पाठवावी. काही सेवा स्वतःच पाठवलेली मेल फिरून परत आली की दुसरी प्रत दाखवत नाहीत आणि फॉरवर्डिंग चालत नाही असा उगाच गैरसमज होतो. साधी मेल लगेच पोहोचली. विषयात ‘बिल’ हा शब्द असलेली मात्र आलीच नाही.

कारण तिच्या जुन्या नियमांत होतं. ‘विषयात बिल असेल तर बिलांच्या फोल्डरमध्ये टाका आणि पुढचे नियम थांबवा’ असा नियम यादीत वर होता आणि फॉरवर्डिंगचा नियम सगळ्यात खाली जाऊन बसला होता. नियम वरून खाली वाचले जातात. थांबायला सांगितलं की तळाशी असलेल्या फॉरवर्डपर्यंत मेल पोहोचतच नाही. म्हणजे तिच्या व्यवसायातली पैशांची मेल तेवढी मागे राहिली असती. साध्या मेलची चाचणी यशस्वी झाल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आम्ही जुन्या खात्यातले वर्गवारीचे सगळे नियम बंद केले, फक्त फॉरवर्डिंग ठेवलं आणि आधीच्या प्रत्येक नियमाला लागू पडेल अशी एकेक मेल पाठवून पाहिली. नियम आयमॅपवरून जात नाहीत, त्यामुळे नव्या खात्यात ते तसेही हाताने लिहायचेच होते. पण तेही तिने लगेच लिहू नयेत असं मी सुचवलं. त्याचं कारण पुढे येईल.

एकच मेल दोन वाटांनी आली तर

फॉरवर्डिंग १० मार्च २०२४ रोजी सकाळी सुरू झालं आणि त्याच आठवड्यात कॉपी केली. इनबॉक्ससाठी तारखेची रेघ आखली: १० मार्चपर्यंतची मेल कॉपीने जाईल, त्यानंतरची फॉरवर्डने येईल. १० तारखेची मेल दोन्ही वाटांनी येणार होती, आणि आयमॅपचा तारखेचा शोध वेळ पाहत नाही, नुसता दिवस पाहतो. त्यामुळे त्या एका दिवसापुरते दोन्ही पदर एकमेकांवर येणं अटळ होतं.

दोन मेल एकच आहेत हे imapsync कसं ओळखतं, ते इथे कळलं पाहिजे. मुळात ते प्रत्येक मेलच्या शीर्षातल्या दोन गोष्टी पाहतं: `Message-Id` आणि `Received`. पहिली म्हणजे पाठवताना दिलेला एकमेव क्रमांक. दुसरीत प्रवासातल्या प्रत्येक सर्व्हरची एकेक ओळ असते. फॉरवर्ड झालेली मेल आणखी एका सर्व्हरवरून आलेली असते, म्हणून तिच्यात `Received` ओळी जास्त असतात. क्रमांक तोच, ओळी वेगळ्या, म्हणून साधनाच्या लेखी ती दुसरी मेल ठरते आणि तिची आणखी एक प्रत जाते. यावर उपाय म्हणजे तुलना फक्त क्रमांकावरून करायला सांगणं:

```
 --automap --folder INBOX \
 --useheader "Message-Id" --addheader \
 --search1 "BEFORE 11-Mar-2024"
```

`--addheader` कशासाठी, तेही सांगते. जुन्या मसुद्यांना आणि काही फार जुन्या पाठवलेल्या मेलना `Message-Id` नसतोच. ओळखायला खूणच नसल्याने साधन त्या बाजूला ठेवतं. हा पर्याय दिला की ते पलीकडे जाताना त्यांना एक क्रमांक देतं.

तारखेची अट आम्ही फक्त इनबॉक्सला लावली. बाकीचे फोल्डर, विशेषतः `Sent`, वेगळ्या फेरीत आणि तारखेच्या अटीशिवाय नेले. फॉरवर्डिंग येणाऱ्या मेलचं असतं, पाठवलेली मेल कुणीच पुढे ढकलत नाही. मैत्रिणीच्या फोनवर जुनं खातं अजून चालू होतं आणि सवयीने ती त्यावरून उत्तरं देत होती. `Sent` ला तारखेची अट लावली असती, तर १० मार्चनंतर फोनवरून दिलेली सगळी उत्तरं जुन्या सर्व्हरवरच राहिली असती.

एक पर्याय मात्र चुकूनही जोडायचा नाही: `--delete2`. तो जुन्याकडे नसलेली मेल नव्याकडून पुसतो. दोन खाती तंतोतंत सारखी ठेवायची असतील तेव्हा त्याचा उपयोग असतो. इथे नव्या खात्यात नव्या पत्त्यावर थेट आलेली मेलही होती आणि ती जुन्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

फेरी संपल्यावर शेवटी असं वाक्य येतं: जुन्या बाजूला *ओळखता आलेली* सगळी मेल नव्या बाजूला आहे. इंग्रजीत तिथे `identified` हा शब्द असतो आणि सगळं वजन त्यावर आहे. जी ओळखता आली नाही तिच्याबद्दल ते वाक्य काहीच म्हणत नाही. म्हणून त्याच्या वरचे आकडे वाचावे लागतात.

जुन्याकडे ४१,००० च्या आसपास आणि नव्याकडे साडेतीनशेने कमी, असं दिसल्यावर मैत्रीण म्हणाली, “साडेतीनशे मेल गेल्या म्हणजे?” एकूण आकड्यावरून याचं उत्तर देता येत नाही. फोल्डरवार पाहिलं, तर बहुतेक सगळा फरक तीनच फोल्डरांत होता आणि त्यांच्यापुढे अहवालात ‘जुन्या बाजूला दुहेरी’ असा आकडा होता. कधीतरी संगणक बदलताना तिने तेच फोल्डर दोनदा ओढले होते. एकाच फोल्डरमध्ये एकाच क्रमांकाच्या दोन मेल असतील, तर साधन एकच नेतं. आम्ही त्यातल्या काही जोड्या उघडून पाहिल्या. मजकूर आणि जोडण्या अगदी सारख्याच निघाल्या.

उरलेल्या पाच मेल खरोखरच गेल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे सर्व्हरने नाकारल्याची नोंद होती आणि कारण होतं आकार. जोडणी मेलमध्ये जाताना मजकुरात रूपांतरित होते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे ३० एमबीची फाइल मेलमध्ये ४० एमबीच्या घरात जाते. नव्या सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी होती. त्या पाच मेल आम्ही `.eml` फाइल म्हणून संगणकावर उतरवल्या आणि कामाच्या इतर फाइलींसोबत ठेवल्या. कॉपी किती वेळा चालवली तरी त्या गेल्या नसत्या. अहवालात तीच चूक त्याच मेलपुढे दुसऱ्यांदा दिसली, की पुन्हा प्रयत्न करत बसण्यात अर्थ नसतो.

फॉरवर्ड झालेली पण न पोहोचलेली मेल

फॉरवर्डिंग लावलं की चालतं, असं धरून चालणं धोक्याचं आहे. ते बहुतेक वेळा चालतं आणि ठरावीक पाठवणाऱ्यांसाठी नेमाने फसतं. तपासण्यासाठी दर आठवड्याला हीच तुलना उलट्या तारखेने आणि कोरडी चालवली:

```
 --folder INBOX --useheader "Message-Id" \
 --search1 "SINCE 10-Mar-2024" --dry
```

याचा अर्थ असा: १० मार्चपासून जुन्या इनबॉक्समध्ये आलेली आणि नव्या इनबॉक्समध्ये नसलेली मेल दाखव. फॉरवर्डिंग नीट चाललं असेल, तर यादी रिकामी यायला हवी. तुलना फोल्डरपुरतीच असल्याने, नव्या इनबॉक्समधून उचलून दुसरीकडे ठेवलेली मेलही ‘नाही’ म्हणूनच दिसेल. म्हणून नव्या खात्यात वर्गवारीचे नियम थांबवायला सांगितलं होतं. आठवड्याची तपासणी होईपर्यंत ती मेल इनबॉक्समध्येच ठेवत असे, फक्त तारांकित करत असे.

पहिल्या आठवड्यात यादीत नऊ मेल आल्या. सहा नव्या खात्याच्या स्पॅममध्ये सापडल्या. उरलेल्या तीन कुठेच नव्हत्या आणि तिन्ही एकाच छोट्या भाषांतर संस्थेकडून आलेल्या होत्या. जुन्या खात्यात ठेवलेली प्रत उघडून तिचं पूर्ण शीर्ष वाचलं. `Authentication-Results` या ओळीत `spf=pass` आणि `dkim=none` असं होतं. मग त्या संस्थेच्या डोमेनचं डीमार्क धोरण, म्हणजे तपासणीत फसलेल्या मेलचं काय करायचं याची सूचना, पाहिलं:

```
dig +short TXT _dmarc.example.com
"v=DMARC1; p=reject"
```

आता कोडं सुटलं. ‘आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरांना आहे’ अशी यादी म्हणजे एसपीएफ. संस्था थेट मेल पाठवते तेव्हा ती तिच्या यादीतल्या सर्व्हरवरून निघते आणि तपासणी पार पडते. तीच मेल जुनी सेवा पुढे पाठवते तेव्हा नव्या सर्व्हरला ती जुन्या सेवेच्या सर्व्हरवरून येताना दिसते. तो सर्व्हर संस्थेच्या यादीत नाही. डीकेआयएम ही मेलवरच केलेली सही असते आणि मजकुराला हात लागला नाही तर फॉरवर्डिंगनंतरही ती टिकते. ती असती, तर मेल आत आली असती. पण संस्था सही करतच नव्हती, आणि दोन्ही तपासण्या फसल्या तर मेल नाकारा, असं तिने स्वतःच डीमार्कमध्ये लिहून ठेवलं होतं. नव्या सर्व्हरने सांगितलेलं ऐकलं.

काही सेवा फॉरवर्ड करताना पाकिटावरचा प्रेषक, म्हणजे पाठवणारा म्हणून सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पत्ता, बदलून स्वतःचा लिहितात. तेवढ्याने एसपीएफ पार पडतो, पण इथे उपयोग झाला नसता, कारण डीमार्क पाकिटावरच्या डोमेनचा मेलच्या आतल्या `From` शी मेळ घालून पाहतो. म्हणजे आपल्या किंवा जुन्या सेवेच्या बाजूने करण्यासारखं काही नव्हतं. संस्थेला दोन ओळी लिहून नवा पत्ता कळवला. थेट नव्या पत्त्यावर पाठवलेली मेल त्याच दिवशी पोहोचली. त्यांच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “अहो, आम्हाला तर मेल परत आली होती. आम्हाला वाटलं तुम्हीच आम्हाला बंद केलंत.” अडकलेल्या तीन मेलसाठी वरची कमांड `--dry` काढून चालवली. आयमॅपने त्या सरळ नव्या इनबॉक्समध्ये ठेवल्या, कारण तिथे एसपीएफ वगैरे तपासणी होत नाही. आपल्याच खात्यातून आपल्याच खात्यात ती फक्त ठेवली जाते. जुन्या बाजूला प्रत ठेवली नसती, तर त्या तीन मेल कुठूनच मिळाल्या नसत्या.

जुन्या खात्याचा स्पॅम फोल्डरही आठवड्यातून एकदा पाहावा लागला. तिथे अडवलेली मेल ती सेवा पुढे पाठवत नव्हती आणि ती इनबॉक्समध्ये नसल्याने वरच्या तुलनेतही दिसत नव्हती. एका नव्या ग्राहकाची चौकशी तिथेच मिळाली.

फॉरवर्डिंग कधी बंद करायचं

नव्या खात्यात आम्ही एकच नियम लिहिला: `To` किंवा `Cc` मध्ये जुना पत्ता असेल, तर मेलला ‘जुना पत्ता’ हे लेबल लावा, पण इनबॉक्समधून हलवू नका. फॉरवर्ड करताना `To` ची ओळ तशीच राहते, म्हणून ही खूण चालते. हे लेबल म्हणजेच कामाची यादी झाली. माणसांना पत्ता कळवणं सोपं होतं. खरा वेळ गेला तो जुना पत्ता लॉगिन म्हणून वापरणाऱ्या संकेतस्थळांवर. तिथे पत्ता बदलताना पुष्टीची मेल बऱ्याचदा जुन्या पत्त्यावरच येते, त्यामुळे हे सगळं तो पत्ता जिवंत असतानाच उरकावं लागतं. पैशांशी संबंधित खाती आणि इतर खात्यांचे पासवर्ड परत मिळवण्यासाठी लागणारी खाती आधी केली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी लेबलवर जवळपास फक्त जाहिराती उरल्या. मैत्रीण म्हणाली, “झालं की मग, आता बंद करूया.” मला पटलं नाही. तीन महिन्यांत वर्षातून एकदाच लिहिणारे दिसत नाहीत: नूतनीकरणाच्या सूचना, वार्षिक विवरणं, दर वर्षी ठरावीक हंगामात काम देणारा ग्राहक. आता सगळी जुनी मेल नव्या खात्यात होती, तेव्हा मागच्या दोन वर्षांत लिहिलेल्यांपैकी १० मार्चनंतर ज्यांचं काहीच आलं नव्हतं असे पाठवणारे तिने शोधले. त्यात डोमेन नोंदणी करणारी एक सेवा होती, आणि तिच्या कामाच्या संकेतस्थळाची मालकी त्याच पत्त्याला बांधलेली होती.

जुनी सेवा एक छोटी, स्वस्त योजनाही देत होती, १ जीबीची, फॉरवर्डिंगसह. सगळी मेल नव्याकडे गेल्याची खात्री झाल्यावर जुनी मेलबॉक्स रिकामी केली आणि ती योजना एका वर्षासाठी घेतली. पत्ता एकदम सोडून देण्यात आणखी एक धोका असतो. काही सेवा सोडलेली नावं पुन्हा दुसऱ्याला देतात. २०१३ मध्ये याहूने दीर्घकाळ न वापरलेली नावं अशी मोकळी केली होती. एखाद्या संकेतस्थळावर तुमचा जुना पत्ता राहिला असेल, तर पासवर्ड बदलण्याची मेल त्या नावाच्या नव्या मालकाकडे जाऊ शकते.

वर्षभरात त्या लेबलवर कामाच्या चारच मेल आल्या आणि चारही ठिकाणी पत्ता बदलून झाला. मग शेवटची तुलना चालवली आणि यादी रिकामी आल्यावर आधी खातं फोन आणि संगणकावरून काढलं, म्हणजे ते पासवर्ड विचारत राहणार नाही. त्यानंतर खातं बंद केलं आणि तिसऱ्या पत्त्यावरून एक मेल पाठवून पाहिली. `550 5.1.1` असा नकार परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही, हे पाठवणाऱ्याला आता ताबडतोब कळतं आणि मेल पोहोचली असं कुणाला वाटत नाही.